गर्भधारणेस अनुकूल दिवस स्त्रीबीज सुटण्याच्या दिवसावरून ठरतात

मासिक पाळीच्या चौदाव्या दिवशी गर्भधारणेची शक्यता सर्वाधिक असते, असा समज सर्वत्र रूढ आहे. पाळीचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे असेल तर हा हिशेब साधारणपणे जुळतो. मात्र अनेक स्त्रियांचे चक्र याहून लहान किंवा मोठे असते आणि त्यांच्या बाबतीत चौदावा दिवस दिशाभूल करणारा ठरू शकतो.

रक्तस्राव सुरू होतो तो चक्राचा पहिला दिवस मानला जातो. त्यानंतर बीजकोषात एक स्त्रीबीज परिपक्व होऊ लागते. या पूर्वार्धाला किती दिवस लागतील हे प्रत्येक स्त्रीत, तसेच एकाच स्त्रीत महिन्यागणिक बदलते. आजारपण, मानसिक ताण किंवा वजनातील मोठा बदल यांमुळे तो लांबू शकतो. स्त्रीबीज सुटल्यानंतरचा उत्तरार्ध मात्र तुलनेने स्थिर असतो. तो बहुधा १२ ते १४ दिवसांचा असतो. म्हणूनच स्त्रीबीज सुटण्याचा अंदाज पुढील पाळीपासून मागे मोजून बांधला जातो.

सहा दिवसांचा काळ

सुटलेले स्त्रीबीज जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. याउलट, शुक्रजंतू स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. त्यामुळे स्त्रीबीज सुटण्यापूर्वीचे पाच दिवस आणि तो दिवस, असा सहा दिवसांचा काळ गर्भधारणेस अनुकूल असतो. अमेरिकेत ॲलन विलकॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२१ स्त्रियांच्या मूत्रातील संप्रेरकांची दररोज तपासणी करून केलेला अभ्यास १९९५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील गर्भधारणा याच सहा दिवसांतील संबंधांतून झालेल्या आढळल्या. अनुकूल काळ स्त्रीबीज सुटल्यानंतर नव्हे, तर मुख्यत्वे त्याआधी असतो, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले.

हिशेब कसा करावा

एखाद्या स्त्रीचे चक्र नियमितपणे ३४ दिवसांचे आहे आणि तिची पाळी १ मार्च रोजी सुरू झाली, असे मानू. तिची पुढील पाळी ४ एप्रिलला अपेक्षित आहे. चक्राच्या ३४ दिवसांतून उत्तरार्धाचे १४ दिवस वजा केल्यास विसावा दिवस, म्हणजे २० मार्च, स्त्रीबीज सुटण्याचा संभाव्य दिवस ठरतो. त्यानुसार १५ ते २० मार्च हा अनुकूल काळ होय. या जोडप्याने चौदाव्या दिवसाचा नियम धरून ११ ते १४ मार्च हे दिवसच निवडले, तर त्यांचे प्रयत्न अनुकूल काळ सुरू होण्यापूर्वीच संपतील. असे अनेक महिने घडल्यास कोणताही दोष नसताना वंध्यत्वाची शंका निर्माण होऊ शकते.

चक्र अनियमित असल्यास एकच तारीख काढता येत नाही. ते कधी २७, तर कधी ३४ दिवसांचे असेल, तर स्त्रीबीज तेराव्या ते विसाव्या दिवसादरम्यान केव्हाही सुटू शकते. अशा वेळी अनुकूल काळाची शक्यता आठव्या दिवसापासून विसाव्या दिवसापर्यंत पसरते. या काळात दर दोन दिवसांनी संबंध ठेवणे हा तारखा मोजण्यापेक्षा सोपा मार्ग आहे.

शरीराची लक्षणे

अनुकूल काळात योनिमार्गातील स्राव पारदर्शक, निसरडा आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकाप्रमाणे ताणला जाणारा होतो. हे लक्षण वेळेआधी सूचना देते, म्हणून अधिक उपयुक्त असते. औषधांच्या दुकानात मिळणारी मूत्रचाचणी एलएच या संप्रेरकाची वाढ दाखवते. त्यानंतर साधारणपणे २४ ते ३६ तासांत स्त्रीबीज सुटते. मात्र बीजकोषात अनेक गाठी असण्याचा विकार, म्हणजेच पीसीओएस असल्यास ही चाचणी चुकीचा संकेत देऊ शकते. सकाळी उठण्यापूर्वी घेतलेले शरीराचे तापमान स्त्रीबीज सुटल्यानंतर किंचित वाढते. त्यावरून स्त्रीबीज सुटल्याचे कळते, परंतु तोपर्यंत त्या महिन्यातील अनुकूल काळ संपलेला असतो.

हाच हिशेब गर्भधारणा टाळण्यासाठी वापरणे धोक्याचे आहे, कारण नियमित चक्र असतानाही स्त्रीबीज एखाद्या महिन्यात लवकर किंवा उशिरा सुटू शकते.

चक्र सतत ३५ दिवसांहून मोठे किंवा २१ दिवसांहून लहान असल्यास डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न झाल्यास, तसेच स्त्रीचे वय ३५ किंवा त्याहून अधिक असल्यास सहा महिन्यांनंतर, पती आणि पत्नी या दोघांचीही तपासणी होणे आवश्यक आहे.