हाती आलेला कच्चा आराखडा आणि न लिहिलेला प्रश्न

वहीच्या पानावर पेनाने काढलेला सदनिकेचा नकाशा, खोल्यांत लिहिलेली मापे आणि सोबत एका ओळीचाही मजकूर नाही. वास्तुविशारद, गृहसजावटकार किंवा नकाशे काढून देणारा आरेखक यांच्याकडे मोबाइलवरून येणारे असे छायाचित्र आता नवीन राहिलेले नाही. पाठवणाऱ्याच्या मनात हेतू स्पष्ट असतो, म्हणूनच तो लिहायचा राहून जातो. हा हेतू बहुधा तीनपैकी एक असतो: मापे तपासून घेणे, सामानाची मांडणी सुचवून घेणे किंवा त्याच नकाशाची स्वच्छ प्रत काढून घेणे. वरवर पाहता ही एकाच कामाची तीन रूपे वाटतात. परंतु कागदावरच्या आकड्यांशी प्रत्येक कामाचे नाते वेगळे असते. तपासणीत प्रत्येक आकडा संशयित असतो, मांडणीत काही मोजक्या आकड्यांवर सारे अवलंबून असते आणि प्रत काढताना आकडे जसेच्या तसे उतरवायचे असतात. त्यामुळे हेतूचा अंदाज चुकला, तर काम उत्तम होऊनही पाठवणाऱ्याचे नुकसान होऊ शकते.

कागदावरच्या खुणा

हेतू लिहिलेला नसला तरी कागद बराच बोलका असतो. आकडे खोडून पुन्हा लिहिलेले असणे, एखाद्या मापाभोवती गोल असणे, कोपऱ्यात बेरीज मांडलेली असणे या खुणा तपासणीकडे बोट दाखवतात. दार कोणत्या बाजूला उघडते ते दाखवणारा कमानीसारखा बाण, खिडकीच्या कट्ट्याची उंची, विजेच्या बटणांच्या जागा आणि पलंगाचा काढून खोडलेला चौकोन असेल, तर प्रश्न मांडणीचा आहे असे समजावे. भिंती पट्टीने आखलेल्या, खोल्यांची नावे ठळक आणि कागद कोठेही न खोडलेला असेल, तर पाठवणाऱ्याच्या दृष्टीने नकाशा पूर्ण झालेला असतो. त्याला सुबक प्रत हवी असण्याचा संभव अधिक.

यात एक पथ्य पाळावे लागते. हाताने काढलेल्या नकाशात लिहिलेले माप प्रमाण मानायचे, काढलेली रेषा नव्हे. कागदावर स्वयंपाकघर दिवाणखान्याएवढे दिसत असेल, तरी त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्यात छायाचित्र तिरके घेतलेले असेल, तर समांतर रेषाही एकमेकींकडे झुकतात. अशा चित्रावर पट्टी ठेवून माप काढणे व्यर्थ असते.

एक उदाहरण

एका खोली-स्वयंपाकघर-शयनगृहाच्या, म्हणजे ‘वन बीएचके’ सदनिकेचे उदाहरण घेऊ. सदनिका आयताकृती असून एक उभी भिंत तिचे दोन पट्टे करते. दोन्ही पट्ट्यांची रुंदी १० फूट आहे. डाव्या पट्ट्यात १२ फूट लांबीचा दिवाणखाना आणि त्यामागे ७ फुटांचे स्वयंपाकघर. उजव्या पट्ट्यात पुढच्या बाजूला शेजारी शेजारी न्हाणीघर व शौचालय असून दोहोंची लांबी ४ फूट ६ इंच आहे. त्यामागे ३ फुटांचा पॅसेज आणि शेवटी १२ फुटांचे शयनगृह. आतल्या सर्व भिंती गिलाव्यासह ६ इंचांच्या आहेत. कागदाच्या कोपऱ्यात ३८२.७५ असा आकडा असून त्याखाली ३७.१४ लिहिले आहे. एकक कोणत्याच आकड्यापुढे नाही.

पहिली चाचणी दोन्ही बाजूंच्या बेरजेची. नुसत्या खोल्या मिळवल्या, तर डावी बाजू १९ फूट आणि उजवी साडेएकोणीस फूट होते. अर्ध्या फुटाचा हा फरक भिंतीचा असेल, असे म्हणून तो सोडून देण्याचा मोह होतो. परंतु भिंती नीट मोजल्या, तर फरक घटण्याऐवजी वाढतो. डावीकडे मध्ये एकच आडवी भिंत आहे, म्हणून एकूण लांबी साडेएकोणीस फूट. उजवीकडे अशा दोन भिंती आहेत, म्हणून साडेवीस फूट. आयताच्या समोरासमोरच्या बाजूंत पुरा एक फूट फरक पडू शकत नाही. कोठेतरी एक माप चुकले आहे.

अशी नेमकी एक फुटाची चूक दिसली की मोजणाऱ्याच्या हातातली टेप आठवावी. टेपच्या टोकाचा पत्रा वाकलेला किंवा सैल झालेला असेल, तर अनेक जण शून्याऐवजी एक फुटाच्या खुणेपासून मोजायला सुरुवात करतात आणि शेवटी तो एक फूट वजा करायला विसरतात. अशी चूक नेहमी माप वाढवते, कधी घटवत नाही. म्हणून संशय उजव्या बाजूवर, आणि तेथेही प्रथम शयनगृहाच्या १२ फुटांवर जातो.

कोपऱ्यातले दोन आकडे

३८२.७५ हा खोल्यांच्या क्षेत्रफळांच्या बेरजेतून आलेला आकडा आहे. दिवाणखाना १२०, स्वयंपाकघर ७०, शयनगृह १२०, पॅसेज ३०, न्हाणीघर २४.७५ आणि शौचालय १८ चौरस फूट, ही ती बेरीज. ३७.१४ हा आकडा मात्र चौरस मीटरचा दिसतो. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. त्या हिशेबाने तो सुमारे ४०० चौरस फूट होतो. करारनाम्यात चटई क्षेत्र चौरस मीटरमध्ये लिहिलेले असते हे लक्षात घेतले, की पाठवणाऱ्याची चिंता उघड होते. करारात सुमारे ४०० आणि मोजून ३८३. मग १७ चौरस फूट गेले कोठे?

हे १७ फूट कोणी गिळलेले नाहीत. स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६, म्हणजेच ‘रेरा’ या कायद्याने चटई क्षेत्राची जी व्याख्या केली आहे, तीत सदनिकेच्या आतल्या विभाजक भिंतींखालची जागा धरली जाते. बाहेरच्या भिंती, सेवा नलिकांच्या मोकळ्या जागा, तसेच सदनिकेची स्वतंत्र बाल्कनी व खुली गच्ची मात्र वगळली जाते. या सदनिकेत आतल्या भिंतींची जागा २७ चौरस फूट भरते. शयनगृह ११ फुटांचे धरले, तर खोल्यांची बेरीज ३७२.७५ होते, तीत २७ मिळवले की ३९९.७५ चौरस फूट, म्हणजेच ३७.१४ चौरस मीटर. भिंती न धरल्याने २७ फूट कमी झाले होते आणि शयनगृहाच्या चुकीने १० फूट वाढले होते. शिल्लक राहिलेली तूट ती १७ फुटांची. एका चुकीने दुसरी अर्धवट झाकली होती. हा कागद घेऊन विकासकाकडे भांडायला जाणाऱ्याची बाजू पहिल्याच बैठकीत लंगडी पडली असती.

करार रेरापूर्वीचा असेल, तर त्यात चटई क्षेत्र लिहिले आहे की बांधीव क्षेत्र, हे आधी पाहावे लागते. त्याशिवाय ही तुलना करण्यात अर्थ नाही.

कागदाची मर्यादा

इतके जुळूनही शयनगृह ११ फुटांचेच आहे असे छातीठोकपणे म्हणता येत नाही. कागदावरून केलेली तपासणी आकडे परस्परांशी जुळतात की नाही एवढेच सांगते. ते प्रत्यक्ष भिंतींशी जुळतात की नाही, हे टेपच सांगू शकते. त्यासाठी सगळे घर पुन्हा मोजण्याची गरज नसते. शयनगृहाचे एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे तिरके माप मागवावे. खोली ११ बाय १० फुटांची असेल, तर हे माप १४ फूट साडेदहा इंचांच्या आसपास येईल. १२ बाय १० असेल, तर १५ फूट साडेसात इंच. नऊ इंचांचा हा फरक टेप थोडी झोळ घेत असली तरी लपत नाही. दोन्ही तिरकी मापे सारखी आली, तर खोली काटकोनात आहे हेही त्याच वेळी कळते. पलंग आड येत असेल, तर दोघांनी टेप छताजवळ धरून माप घ्यावे.

मांडणी हवी असेल तर

याच कागदावर मांडणी मागितली गेली असती, तर तो एक फूट वेगळ्याच रीतीने नडला असता. पलंगाची लांबी साडेसहा फूट आणि कपाटाची खोली २ फूट. पलंग खोलीच्या लांबीत ठेवून त्याच्या पायथ्याच्या भिंतीला कपाट लावले, तर १२ फुटांच्या हिशेबाने मध्ये साडेतीन फूट उरतात. तेवढी जागा पाहून पलंगाच्या पायथ्याशी दीड फुटाचे टेबल सुचवण्याचा मोह होईल, कारण कागदावर आणखी २ फूट शिल्लक दिसतात. प्रत्यक्षात खोली ११ फुटांची निघाली, तर एकच फूट उरेल आणि कपाटाचे दीड फुटी दार उघडणार नाही. हे लक्षात येईपर्यंत सुताराने प्लायवूड कापलेले असते. मांडणी करणाऱ्याने सगळे क्षेत्रफळ तपासत बसू नये. ज्या भिंतीला सामान लागणार, तेवढीच मापे पुन्हा मागवावीत आणि दारे कोठे व कोणत्या बाजूला उघडतात ते विचारावे.

स्वच्छ प्रतीतला धोका

तिन्ही कामांत स्वच्छ प्रत सर्वांत निरुपद्रवी वाटते, पण खरा धोका तिच्यातच आहे. वहीच्या पानावरचा आकडा पाहणारा मनात थोडी शंका ठेवतो. तोच आकडा संगणकावर आखलेल्या सरळ रेषांमध्ये बसला, की तो मोजून घेतलेला वाटतो. पुढे तो कंत्राटदाराकडे जातो, दर मागवण्यासाठी वापरला जातो आणि मूळ पान फेकले जाते. शिवाय संगणकावर खोल्या मापाप्रमाणे काढताना उजवी बाजू एक फूट लांब भरते. तेव्हा आरेखक एखादी भिंत गुपचूप सरकवून आयत पूर्ण करतो, तर चुकीचा पुरावाच नाहीसा होतो. म्हणून न जुळणारे माप दुरुस्त न करता तसेच ठेवून त्यावर खूण करावी आणि नकाशाखाली ‘मापे मालकाने दिलेली, प्रत्यक्ष तपासलेली नाहीत’ अशी ओळ लिहावी. बांधकाम परवानगीसाठी मात्र अशी प्रत चालत नाही. तेथे परवानाधारक तज्ज्ञाच्या सहीचाच नकाशा लागतो.

काय विचारावे?

वरच्या कागदाचा कल तपासणीकडे आहे, हे कोपऱ्यातले आकडे सांगतात. तरीही अंदाजाच्या बळावर दोन दिवसांचे काम हाती घेण्यापेक्षा दोन ओळींचे उत्तर बरे: ‘आराखडा मिळाला. करारातले क्षेत्रफळ ताडून पाहायचे आहे, सामानाची मांडणी हवी आहे, की स्वच्छ नकाशा? काहीही असले तरी शयनगृहाची लांबी आणि एक तिरके माप पुन्हा घेऊन कळवा. दोन बाजूंत एक फुटाचा फरक येतो आहे.’ नुसते ‘काय हवे?’ असे विचारले, तर ‘बघा जरा’ एवढेच उत्तर येते. तीन पर्याय समोर ठेवले की पाठवणारा एक निवडतो, आणि चुकीच्या मापाची दखल पर्याय कोणताही निवडला तरी घेतली जाते.