'रा. रा.' नसलेले पान

वहीच्या पानाचा फोटो आम्ही काढून टाकला. खातेदाराच्या नातवाने विनंती केली होती. आजोबांचे नाव, जात आणि कर्ज असे एकत्र चारचौघांत दिसावे हे त्याला नको होते. त्याचे म्हणणे योग्यच होते. पण फोटो गेला म्हणून पुरावा जाऊ नये, यासाठी ते पान शब्दांत मांडत आहोत.

किराणा दुकानाची ही खातेवही, शके १८७५ ची, म्हणजे १९५३ सालची. वर मधोमध 'श्री'. खाली खातेदाराचे नाव (इथे वगळले आहे) आणि नावाला जोडून 'महार'. त्याच वहीत पाटलाच्या खात्यावर 'रा. रा.' लिहिले आहे. इथे ती जागा रिकामी आहे.

पानाचे दोन भाग आहेत. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दोन्हींकडे मिती, तपशील आणि रक्कम. नावेच्या बाजूला आषाढात ज्वारी ४-८-०, मीठ-मिरची ०-१०-६, गोडेतेल १-३-०. भाद्रपदात पुन्हा ज्वारी ५-४-० आणि रोख २-०-०. शेवटी व्याज १-११-०. बेरीज १५-४-६.

ही बेरीज पाहून आमच्यातल्याच एकाने 'दुकानदाराने बेरीज फुगवली' असे ठोकून दिले होते. त्याने आणे हे पैसे धरले, पैचा आकडा सोडला आणि १३ रुपये ३६ पैसे काढले. पण दशमान नाणी आली १ एप्रिल १९५७ ला. त्याआधी १२ पैंचा आणा, १६ आण्यांचा रुपया. इथे सगळे आणे मिळून ३६ होतात, म्हणजे २ रुपये ४ आणे. उरलेले रुपये १३. बेरीज बरोबर आहे! म्हणून अशा पानाची नक्कल करताना आकड्यांमधल्या आडव्या रेघा तशाच ठेवाव्यात, टिंब देऊ नये.

मग लूट कुठे? आम्हाला ती रिकाम्या जागांत दिसते. ज्वारीपुढे पायल्या लिहिल्या आहेत. जमेच्या बाजूला मात्र 'मजुरी ३-०-०' एवढेच. किती दिवस, ते नाही. 'लाकूडफाटा १-४-०', पण वजन नाही. रोख भरले ४-८-०. व्याजाच्या ओळीला मिती नाही, दर नाही, कोणत्या रकमेवर तेही नाही. दुकानदाराने दिलेले मोजून लिहिले, घेतलेले नुसती किंमत टाकून. दर न लिहिल्यामुळे तो जास्त होता हे या पानावरून सिद्ध करता येत नाही. पण तो विचारण्याची सोय खातेदाराला ठेवली नव्हती, हे दिसते.

जमेची बेरीज ८-१२-०. तिच्याखाली आश्विन अमावस्येला बाकी ६-८-६ लिहून दोन्ही बाजू १५-४-६ ला मिळवल्या आहेत. खातेदाराची सही किंवा अंगठा कुठेच नाही. पुढच्या पानावर, कार्तिक शुद्ध १ ला, नवे खाते उघडले आहे: 'मागील बाकी ६-८-६'.