किंमत-पुस्तकी मूल्य गुणोत्तर

कंपनीच्या समभागाचा बाजारभाव तिच्या प्रतिसमभाग पुस्तकी मूल्याच्या किती पट आहे, हे दाखवणारे प्रमाण. ताळेबंदातील एकूण मालमत्तेतून सर्व देणी वजा जाता भागधारकांच्या वाट्याला जे नक्त मूल्य उरते, म्हणजे मुख्यतः भागभांडवल आणि राखीव निधी, त्याला समभागांच्या संख्येने भागले की पुस्तकी मूल्य मिळते.

बँकेच्या बाबतीत हा आकडा बोलका ठरतो, कारण तिची मालमत्ता म्हणजे प्रामुख्याने कर्जे आणि रोखे, आणि त्यांचे मूल्य मुळातच रुपयांत ठरलेले असते. शिवाय जोखीमभारित मालमत्तेच्या किमान 9 टक्के भांडवल राखण्याचे बंधन असल्यामुळे बँक किती कर्ज देऊ शकेल, हेही बहुतांशी नक्त मूल्यावरच अवलंबून असते. पुण्यात 1935 साली स्थापन झालेल्या बँक ऑफ महाराष्ट्रचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. रिझर्व्ह बँकेने 2015 मध्ये हाती घेतलेल्या मालमत्ता-गुणवत्ता तपासणीनंतर सरकारी बँकांची थकीत कर्जे उघड होऊ लागली. त्या काळात या बँकेला 2016-17 आणि 2017-18 या दोन्ही वर्षांत हजार कोटी रुपयांहून अधिक तोटा झाला आणि जून 2017 पासून जानेवारी 2019 पर्यंत ती त्वरित सुधारणा कारवाईखाली होती. नफाच नसल्याने किंमत-उत्पन्न गुणोत्तर त्या वर्षांत निरर्थक ठरले. पुस्तकी मूल्याची फूटपट्टी मात्र हाती राहिली.

ही फूटपट्टी तपासून घ्यावी लागते. एखाद्या बँकेचे नक्त मूल्य 10,000 कोटी रुपये, समभाग 100 कोटी आणि भाव 80 रुपये असल्यास पुस्तकी मूल्य 100 रुपये व गुणोत्तर 0.8 येते, म्हणजे समभाग स्वस्त भासतो. परंतु तरतूद वजा जाऊन उरलेली अनुत्पादक कर्जे 3,000 कोटींची असतील आणि ती पूर्णपणे बुडाली असे धरले, तर, करांचा परिणाम सोडून दिल्यास, पुस्तकी मूल्य 70 रुपयांवर येते आणि गुणोत्तर 1.14 होते. म्हणून गुणोत्तर एकाखाली दिसले की प्रथम निव्वळ अनुत्पादक कर्जांचा आकडा पाहावा.

बँकेच्या उलट, सॉफ्टवेअर कंपनीची खरी मिळकत, म्हणजे अभियंत्यांचे कौशल्य, ग्राहकांशी जुळलेले दीर्घ संबंध आणि नाव, ताळेबंदात जवळजवळ उमटतच नाही, कारण वेतन व प्रशिक्षण त्या त्या वर्षीचा खर्च म्हणून नोंदले जाते आणि कंपनीने स्वतः उभारलेला ब्रँड मालमत्ता म्हणून दाखवण्यास लेखामानके परवानगी देत नाहीत. त्यातच नफ्यातील मोठा भाग लाभांश व समभागांच्या पुनर्खरेदीतून वाटला जातो. मुंबईस्थित टीसीएसने 2017 मध्ये प्रतिसमभाग 2,850 रुपये दराने 16,000 कोटींची पुनर्खरेदी केली, तेव्हा तेवढी रक्कम नक्त मूल्यातून गेली. भाव पुस्तकी मूल्याच्या कित्येक पट असल्याने अशा वाटपानंतर, इतर गोष्टी समान राहिल्यास, गुणोत्तर आणखी वाढते. या वाढीवरून समभाग महागला असा निष्कर्ष काढता येत नाही.