हाडाजवळचे गुलाबी चिकन कच्चे असते का? निर्णय रंगाचा नव्हे, तापमानाचा

बाहेरून खरपूस भाजलेली तंगडी तोडल्यावर हाडालगतचे मांस गुलाबी किंवा लालसर दिसले, की ती कच्ची राहिली असे मानून बाजूला सारली जाते. हा रंग दिसला म्हणजे मांस कच्चेच, असे मात्र नाही. पूर्ण शिजलेले चिकनही हाडाजवळ गुलाबी दिसू शकते. उलट, पांढरे दिसणारे चिकन पुरेसे तापलेले असेलच, याचीही खात्री देता येत नाही.

या रंगाचे मूळ बहुधा हाडात असते. बाजारात मिळणारे ब्रॉयलर पक्षी साधारणतः पाच ते सहा आठवड्यांचे असतात. त्यांचे वजन झपाट्याने वाढते. हाडे मात्र त्या वयात पुरती टणक झालेली नसतात आणि सच्छिद्र असतात. मांस गोठवताना हाडातील पाण्याचे स्फटिक होतात, मज्जेतील पेशी फुटतात आणि त्यांतील लाल रंगद्रव्य छिद्रांवाटे बाहेर झिरपते. म्हणूनच हाडालगतचा गडद डाग गोठवलेल्या लेग पीसमध्ये अधिक आढळतो. त्याचा स्वच्छतेशी किंवा शिळेपणाशी संबंध नसतो.

मांसाचा स्वतःचा रंग मायोग्लोबिन या प्रथिनामुळे येतो. उष्णतेने ते बदलते आणि गुलाबी छटा जाते. पण हा बदल किती तापमानाला होईल, हे मांसाच्या आम्लतेवर अवलंबून असते. आम्लता कमी असल्यास गुलाबी छटा अधिक उष्णतेतही टिकते. तंदूर किंवा निखाऱ्याच्या धुरातील वायूंमुळे पृष्ठभागाखाली गुलाबी कडा उमटते, ती वेगळीच. त्यात मसाल्यातील लाल मिरचीचा रंग मिसळला, की डोळ्यांनी निवाडा करणे आणखी अवघड होते. सुरी खुपसल्यावर निघणारा रस स्वच्छ असला म्हणजे झाले, ही जुनी खूणही याच कारणाने भरवशाची नाही.

धोका रंगापासून नसून साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर यांसारख्या जिवाणूंपासून असतो, आणि ते उष्णतेने मरतात. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीच्या मांसासाठी किमान 74 अंश सेल्सिअस अंतर्गत तापमान सांगितले आहे. या तापमानाला जिवाणू जवळजवळ तत्क्षणी नष्ट होतात. त्याहून कमी तापमानालाही ते मरतात, पण तेथे मांस काही मिनिटे राहावे लागते. घरगुती स्वयंपाकात तेवढा काळ अचूक मोजणे कठीण असल्याने 74 अंश हीच सोयीची सीमा ठरते.

हे तापमान मोजण्यासाठी सुईसारखी सळई असलेला डिजिटल मांस-थर्मामीटर लागतो. ताप मोजण्याचे थर्मामीटर येथे निरुपयोगी आहे, कारण त्याची मोजपट्टी 42-43 अंशांच्या आसपास संपते. लांबून रोखण्याचे इन्फ्रारेड उपकरण केवळ पृष्ठभागाचे तापमान सांगते.

समजा, ओव्हनमधून तंगडी आणि मांडी जोडलेला अख्खा लेग पीस बाहेर काढला आहे. सळई मांडीच्या सर्वांत जाड भागात, सांध्याच्या बाजूने आत न्यावी. टोक हाडाजवळ असावे, पण हाडाला टेकू नये. हाड आणि मांस एकाच वेगाने तापत नसल्याने टेकलेले टोक फसवा आकडा दाखवते. आकडा 68 अंशांवर स्थिरावला, तर मांस वरून कितीही पांढरे असले तरी लेग पीस पुन्हा आत ठेवावा आणि सळई साबणाने धुवावी. पाच मिनिटांनी दोन-तीन ठिकाणी मोजल्यावर 78, 77 आणि 75 असे आकडे आले, तर त्यांतील सर्वांत कमी आकडा ग्राह्य धरावा. तो 74 च्या वर असल्याने लेग पीस खाण्यायोग्य झाला. आता हाडालगत गुलाबी रंग दिसला तरी हरकत नाही.

थर्मामीटर स्वतः बरोबर आहे का, हे आधी पाहावे. पेलाभर बर्फाच्या चुऱ्यात थोडे पाणी घालून ढवळल्यावर त्याने 0 अंश दाखवावे. उकळत्या पाण्याची कसोटी घेताना उंचीचा विचार हवा: मुंबईत पाणी सुमारे 100 अंशांना, तर पुण्यात 98 अंशांच्या आसपास उकळते.

रश्श्याच्या चिकनला या उपकरणाची गरज सहसा पडत नाही. लहान तुकडे उकळत्या रश्श्यात बराच वेळ राहिले, तर ते 74 अंशांच्या बरेच पुढे गेलेले असतात. त्यातील हाडांची काळपट टोके म्हणजे शिजलेली मज्जाच होय. खरा प्रश्न अख्खी कोंबडी, जाड लेग पीस आणि तंदूर किंवा शेगडीवरील मोठ्या तुकड्यांचा असतो. तेथे बाहेरचा भाग करपू लागला तरी सांध्याचा भाग मागे राहू शकतो. गोठलेले मांस पूर्ण न वितळवता भाजल्यास हा फरक आणखी वाढतो.