बखिया : मलमलीच्या पाठीवर भरलेली सावली

लखनौच्या चिकनकारीतील एक टाका असा आहे की त्याचे खरे काम पाहायचे तर कापड उलटावे लागते. सुलट बाजूस पाकळीची बारीक रेषा दिसते आणि रेषेच्या आत धुक्यासारखा मंद रंग. त्या रंगाचा एकही धागा मात्र सुलट पृष्ठावर नसतो. तो मागे असतो आणि विरळ सुती कापडातून झिरपून दिसतो. लखनौचे कारागीर याला ‘उलटी बखिया’ म्हणतात. इंग्रजी भरतकामात हेच ‘शॅडो वर्क’ होय.

आता नावाकडे पाहा. हिंदुस्तानीत ‘बखिया’ म्हणजे शिवणीची उलटी टीप. मग भरतकामाला शिवणीचे नाव का? कारण सुलट बाजूने पाहिले तर आकृतीच्या दोन्ही कडांवर उलट्या टिपेच्या अखंड ओळीच दिसतात. मागे त्याच टाक्याचा बंद हेरिंगबोन झालेला असतो.

एक पान भरायचे आहे असे समजा. लाकडी ठशाने, धुतल्यावर निघून जाणाऱ्या रंगात, पानाची आकृती कापडावर उमटवलेली असते. कापड झिरझिरीत असल्याने ती मागूनही दिसते. पानाच्या टोकापासून सुरुवात होते. सुई डाव्या कडेवर कापडाचा छोटासा घास घेते, मग धागा मागच्या बाजूने तिरका ओलांडून उजव्या कडेवर तेवढाच घास घेते, आणि पुन्हा डावीकडे येते. येथेच ‘बंद’ या शब्दाचा अर्थ आहे: प्रत्येक नवा घास त्या कडेवरील आधीचा घास जिथे संपला त्याच छिद्रापासून मोजला जातो. त्यामुळे पुढे रेषा तुटत नाही आणि मागे तिरप्या धाग्यांची दाट जाळी विणली जाते. घासांमध्ये अंतर सोडले, की जाळी उघडी पडते आणि सुलट बाजूस सलग सावलीऐवजी पट्टे दिसू लागतात.

पान वळले की बाहेरची कड लांब आणि आतली आखूड होते. तेव्हा बाहेरचे घास किंचित मोठे व आतले लहान घ्यावे लागतात, नाहीतर एक बाजू पुढे धावते आणि जाळी तिरपी होते. पान फार रुंद असेल तर मागचे धागे लांब लोंबतात, कशातही अडकतात. म्हणून साधारण सेंटीमीटरहून रुंद पान मधल्या शिरेवर दुभागून दोन अर्ध्यांत भरणे शहाणपणाचे. धागा जास्त ओढला तर मलमल चुरमडते. आणि एका पानावरून दुसऱ्या पानाकडे धागा तसाच ओढत नेला, तर दोन पानांमधल्या कोऱ्या जागेत त्याचीही सावली पडते! पारदर्शक कापड कारागिराचा आळस लपवत नाही.

ही कला लखनौत का बहरली? नूरजहानने ती आणली, ही कथा लोकप्रिय आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही. निश्चित एवढेच की १७७५ मध्ये असफउद्दौलाने अवधची राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली, आणि त्यानंतरच्या नवाबी काळात पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्या धाग्याच्या कामाला तेथे मोठा आश्रय मिळाला. पांढऱ्यावर पांढरे म्हणजे रंगाचा आधारच नाही. कापडाचा विरळपणा आणि मागच्या जाळीचा दाटपणा यांतील फरकावरच सारी आकृती उभी राहते. रंगीत धागा घेतला, तर तो कापडाच्या पडद्याआडून मूळ छटेपेक्षा फिका दिसतो. १९०३ च्या दिल्ली प्रदर्शनाची सूची करणाऱ्या जॉर्ज वॉट यांनी बखियाला चिकनच्या सपाट प्रकारांत ठेवले, तर ‘मुर्री’ आणि ‘फंदा’ या गाठींना उठावाच्या प्रकारांत.

१८५६ मध्ये अवध कंपनीच्या ताब्यात गेले, दरबार संपला. पुढे हे काम घरबसल्या, नगावर मजुरी घेणाऱ्या स्त्रियांकडे गेले. गाठींच्या कामापेक्षा बखियाने जागा लवकर भरते, म्हणून बाजाराने तीच सर्वाधिक मागितली आणि मजुरी कमी असल्याने टाके लांबत गेले. जाड सुतावर किंवा गडद कापडावर केलेली अशी मोठ्या टाक्यांची बखिया आजही स्वस्त कुर्त्यांवर सर्रास दिसते. तिच्यात टिपेची रेषा असते, सावली नसते. माझ्या मते ती केवळ घाईची शिवण आहे, पण दोष टाका घालणाऱ्या बाईपेक्षा तिला नगामागे मिळणाऱ्या पैशांचा अधिक.

१९८४ मध्ये लखनौत रूना बॅनर्जी यांच्या पुढाकाराने ‘सेवा’ ही संस्था उभी राहिली आणि अशा स्त्रियांना दलालांच्या साखळीबाहेर काम मिळू लागले. मजुरी सुधारली, तसे बारीक टाके घालायला हवा असलेला वेळही परवडू लागला. चिकनचा कुर्ता हाती आला तर प्रथम उलटा करा: धागे एकमेकांना भिडलेले असतील, तर ती बंद बखिया. मधून बोटाची त्वचा स्वच्छ दिसत असेल, तर ती उघडी.