पेटीवरचा आकडा

दोन वर्षांपूर्वी दसरा झाल्यावर माझ्या मोटार रिवायंडिंगच्या दुकानात एक ओळखीचा मुकादम आला. माजलगाव तालुक्यातली टोळी घेऊन तो दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात ऊसतोडीला जातो. त्याने पिशवीतून एक काळी बॅटरी काढून टेबलावर ठेवली. पुढे दिवा होता आणि दिव्याच्या दोन्ही बाजूंना पितळेची दोन टोकं. बटण दाबलं की टोकांच्या मध्ये निळी ठिणगी तडतडत नाचायची. तो म्हणाला, "दादा, टोळीतल्या बायांना पहाटं अंधारात फडात जावं लागतं. ह्याच्यावर दहा लाख व्होल्ट लिहिलंय. समोरचा माणूस पडंल का? आन् मरणार तर न्हाई ना?"

पडेल का आणि मरेल का, या दोन प्रश्नांची उत्तरं तेव्हा माझ्याकडे नव्हती. तीस वर्षं मी तांब्याच्या तारा गुंडाळतो आहे, शॉक अनेकदा खाल्ला आहे, पण विजेने माणूस पाडण्याचं तंत्र हा वेगळाच विषय निघाला. मिळेल ते वाचत गेलो, त्याचा हा गोषवारा.

आधी दहा लाखांचा आकडा पाहू. कोरड्या हवेतून ठिणगी उडायला, टोकं गुळगुळीत गोल असतील तर, प्रत्येक सेंटिमीटरमागे सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात. टोकं अणकुचीदार असतील तर त्याहून बरेच कमी पुरतात. मुकादमाच्या बॅटरीतली टोकं मी मोजली. त्यांच्यात साडेतीन सेंटिमीटर अंतर होतं. म्हणजे दाब फार तर एक लाखापर्यंत चढणार, आणि प्रत्यक्षात त्याच्या खूप आधी ठिणगी उडून तो कोसळणार. भरू लागलेल्या हौदाला काठाखाली भोक असावं तसंच हे आहे. भोकाच्या वर पाणी चढत नाही. दहा लाख हा आकडा पेटीवरच राहतो, टोकांपर्यंत पोहोचत नाही. शिवाय व्होल्टचं काम फक्त वाट उघडण्याचं असतं. शरीरात शिरल्यावर काय घडेल ते किती वीज, किती वेळ आणि कोणत्या भागातून वाहते यावर ठरतं.

या साधनांची वंशावळ गुरांच्या काठीपासून सुरू होते. अमेरिकेत जनावरं हाकायला टोकाशी दोन खिळे असलेली विजेची काठी वापरात होती. 1960च्या दशकात अलाबामात नागरी हक्कांसाठी चालणाऱ्या कृष्णवर्णीयांवर पोलिसांनी हीच काठी चालवली. तिचं काम एकच, वेदना देणं. वेदनेने बैल पुढे पळतो. माणूस मात्र कधी पळतो, कधी अंगावर येतो.

वेगळा विचार केला तो जॅक कव्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाने. लहानपणी वाचलेल्या टॉम स्विफ्टच्या विजेच्या बंदुकीच्या गोष्टीवरून त्याने आपल्या साधनाला 'टेझर' हे नाव दिलं. ते पुस्तक 1911 सालचं. कव्हरला पेटंट मिळालं 1974 साली. त्याच्या साधनातून दोन छोटे बाण सुटत आणि प्रत्येकाच्या मागे बारीक तार उलगडत जाई. बाण उडवायला दारू वापरल्यामुळे 1976 साली अमेरिकी सरकारने त्याची गणना बंदुकीत केली आणि विक्री अडली. 1990च्या दशकात रिक आणि टॉम स्मिथ या भावांनी दारूच्या जागी दाबलेला नायट्रोजन आणला. 1999 साली एम-26 आणि 2003 साली एक्स-26 ही त्यांची मॉडेलं पोलिसांकडे गेली.

आता एक्स-26च्या पोटात डोकावू. आपला स्नायू मज्जातंतूच्या विद्युत-इशाऱ्यावर आखडतो. हे साधन तोच इशारा खोटा देतं. त्याचा एकेक ठोका सेकंदाचा साधारण दहा हजारावा भाग टिकतो आणि असे ठोके सेकंदाला एकोणीसच्या आसपास पडतात. एका ठोक्यातून स्नायू सैल होण्याआधी दुसरा येतो, त्यामुळे स्नायू आखडलेलाच राहतो. माणूस शुद्धीवर असतो, पण हातपाय त्याचे राहत नाहीत. तो ताठ होऊन कोसळतो. पेटीवर पन्नास हजार व्होल्ट लिहिलेले असतात, पण अंगात वाट मिळाल्यावर दाब हजार-बाराशे व्होल्टवर येतो.

ठोका इतका आखूड का, यातच या तंत्राचा सगळा हिशोब आहे. मज्जातंतू अगदी क्षणभराच्या धक्क्यानेही पेटतो. हृदयाचा स्नायू त्या मानाने मंद, त्याला जास्त वेळ टिकणारा धक्का लागतो. ठोका आखूड ठेवला तर हाताचे स्नायू आखडतात आणि हृदय बहुतेक वेळा अलिप्त राहतं. घरातली 230 व्होल्टची वीज याच्या उलट वागते. ती सेकंदाला पन्नास आवर्तनांनी सलग वाहते, हाताची मूठ तारेवर आवळते आणि हृदयाला हलवायला तिच्याकडे वेळच वेळ असतो. आपल्याकडे रानडुकरांसाठी कुंपणाला लावतात त्या झटका मशीनचा ठोकाही आखूडच असतो. तो सेकंदाला सुमारे एकदाच पडतो, म्हणून मधल्या वेळात जनावर सुटू शकतं. त्याच कुंपणाला कुणी थेट घरची लाइन जोडली की सकाळी बांधावर डुकराऐवजी माणूस पडलेला सापडतो. दिसायला तार तीच असते, वेळेचं गणित बदललेलं असतं.

पण ठोका कितीही अचूक असला तरी तो नीट पोहोचायला हवा. एक्स-26चा वरचा बाण सरळ जातो, खालचा आठ अंशांनी खाली. म्हणजे दर सात फुटांमागे दोन बाणांत एक फूट फट पडते. वीज एका बाणाकडून दुसऱ्याकडे जाते, म्हणून मधले स्नायूच तिच्या कह्यात येतात. एक बाण पाठीवर आणि दुसरा मांडीवर लागला तर माणूस उभा राहू शकत नाही. दोन फुटांवरून मारला तर दोन्ही बाण चार बोटांच्या आत बसतात आणि एवढीशी जागाच आखडते. फार लांबून मारला तर एखादा बाण चुकतो, आणि एका बाणाने मंडल पूर्ण होत नाही.

त्यात कपडा आडवा येतो. बाण कातडीत रुतलाच पाहिजे असं नाही, कपड्यात अडकला तरी ठिणगी उरलेलं अंतर उडी मारून जाते. मात्र दोन्ही बाजूंचं मिळून हे अंतर साधारण पाच सेंटिमीटरपर्यंतच चालतं. अंगासरशी सदऱ्यातून ते सहज साधतं. सैल जॅकेट अंगापासून सुटून लोंबत असेल किंवा खांद्यावर दुहेरी घोंगडी असेल तर बाण लोकरीतच लटकतो. ऊसतोडीच्या बाया साडीवर पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट घालतात. पाचटापासून वाचायला घातलेला हा जाड शर्टही त्या ठिणगीच्या वाटेत एक पदर वाढवतो. वारा आला, माणूस वळला, कपडा हलला की संपर्क जुळतो आणि तुटतो, आणि परिणामही तसाच येतो-जातो.

हे ओळखायची एक खूण आहे. साधन मोठ्याने तडतडत असेल तर वीज हवेतच खेळते आहे, अंगात जात नाही. संपर्क पक्का झाला की आवाज एकदम दबतो. बाजारात दुकानदार जी कडाडणारी ठिणगी दाखवून गिऱ्हाइकाला भारून टाकतो, ती खरं तर संपर्क नसल्याची खूण असते.

मुकादमाच्या बॅटरीचा प्रश्न इथेच सुटला. तिची टोकं साडेतीन सेंटिमीटरवर, म्हणजे वीज चामडीखालच्या तेवढ्याच पट्ट्यात फिरणार. ती वेदना देईल, पण पाडणार नाही. वेदनाही टोकं दाबून धरली तोवरच, आणि तोवर समोरच्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचलेला असणार. हे साधन गुरांच्या काठीच्याच घराण्यातलं आहे.

दुसऱ्या प्रश्नासाठी कॅनडात जावं लागेल. 14 ऑक्टोबर 2007 रोजी रॉबर्ट जेकान्स्की हा पोलंडचा माणूस आईकडे कायमचा राहायला म्हणून व्हँकुव्हर विमानतळावर उतरला होता. त्याला इंग्रजी येत नव्हतं. जवळजवळ दहा तास तो आत अडकून पडला, शेवटी बिथरून सामान फेकू लागला. चार पोलीस आले. बोलणं धड सुरू होण्याआधीच टेझर चालला. घोडा एकूण पाच वेळा दाबला गेला, आणि तो माणूस तिथेच जमिनीवर गेला. एका प्रवाशाने हे चित्रित केलं होतं म्हणून जगाला दिसलं. निवृत्त न्यायमूर्ती थॉमस ब्रेडवूड यांनी चौकशी केली. हा वापर समर्थनीय नव्हता, असा निष्कर्ष त्यांनी 2010 साली काढला. त्याआधी 2009च्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं की या साधनाने हृदयाची लय बिघडून मृत्यू येऊ शकतो, म्हणून सर्वसाधारणपणे एका वेळी पाच सेकंदांपेक्षा जास्त वीज देऊ नये. त्याच वर्षी कंपनीनेही छातीवर नेम टाळण्याचा सल्ला दिला.

इथे एक बारकावा आहे. एक्स-26च्या आत घोडा केव्हा आणि किती वेळ दाबला याची नोंद राहते, पण वीज खरोखर अंगात गेली की कपड्यात अडकली हे त्या नोंदीवरून कळत नाही. दाबणाऱ्यालाही घाईत ते कळत नाही. माणूस तडफडतो आहे याचा अर्थ तो विरोध करतो आहे असा घेतला जातो आणि पुन्हा घोडा दाबला जातो. प्रत्येक वेळी धोका वाढतो. बाण छातीवर, हृदयाजवळ बसला असेल तर आखूड ठोक्याने मिळणारं संरक्षण कमी पडू शकतं. याशिवाय ताठ झालेला माणूस हात पुढे करू शकत नाही, म्हणून डोक्यावर आपटतो. विहिरीच्या काठावर, उंचावर, पाण्यात, किंवा अंगावर पेट्रोल सांडलेलं असताना हीच ठिणगी जीव घेते. गरोदर बाईवर आणि हृदयविकार असलेल्यावर ती कधीच चालवू नये.

बैलाला तर यातलं काही सांगताही येत नाही. आपल्याकडे शर्यतीत बैलांना चोरून 'बॅटरी' लावण्याची खोड जुनी आहे. 2017 साली राज्याने शर्यतीचे नियम केले, त्यात काठी-चाबकाबरोबर विजेचा धक्का देणाऱ्या साधनालाही मनाई केली. सर्वोच्च न्यायालयाने 16 डिसेंबर 2021 रोजी शर्यतींना परवानगी दिली ती अटींसह, आणि मे 2023 मध्ये कायदा वैध ठरवला. पटावर आता पंच काठी शोधतात, तळहातात मावणारी बॅटरी शोधणं अवघड जातं.

मुकादम महिनाभराने जायला निघाला तेव्हा पुन्हा दुकानात आला. मी त्याला म्हणालो, "माणूस पडणार नाही. मरायची शक्यता फार थोडी, पण छातीला, गळ्याला लावू नका आणि दाबून धरू नका. बायांना सांगा, हिच्या भरवशावर एकटीने जाऊ नका."

तो थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "मंग हिचा उपेग काय?"

मी बटण दाबून दिवा लावून दाखवला. उजेड चांगला लांबपर्यंत पडत होता. त्या हंगामात टोळीच्या बाया चौघी-चौघींनी मिळून फडात जात होत्या, आणि पुढे चालणारीच्या हातात ती बॅटरी असायची, असं त्याने परतल्यावर सांगितलं. ठिणगीचं बटण त्याने चिकटपट्टीने बंद करून टाकलं होतं.