बर्फाखालची भाकर : इटालियन वाक्प्रचारांचे मराठी रूपांतर

‘सोत्तो ला नेव्हे पाने, सोत्तो ला प्योज्जा फामे’ ही इटलीतील जुनी शेतकरी म्हण शब्दशः मराठीत आणली, तर ‘बर्फाखाली भाकर, पावसाखाली भूक’ अशी होते. मराठी वाचक येथेच अडखळतो, कारण त्याच्या अनुभवात भाकरी पावसावर अवलंबून असते. शब्द अचूक उतरले, आणि अर्थ मात्र उलटा झाला.

म्हणीचे मूळ तेथील गव्हाच्या पिकात आहे. हा गहू शरदात पेरतात. हिवाळ्यात कोवळ्या रोपांवर बर्फाचा थर साचला, की त्यात अडकलेली हवा त्यांना कडाक्याच्या गोठणीपासून वाचवते. पुढे बर्फ सावकाश वितळून ओल पुरवतो. याउलट हिवाळ्यात पाऊस लागून राहिला, तर पाणी साचून मुळे कुजतात आणि जमिनीचा कस धुऊन जातो. म्हणजे म्हणीतला पाऊस मृगाचा नव्हे, अवेळी आलेला आहे.

म्हणून ‘थंडी पडली तर रब्बी साधली’ असे रूपांतर सुचू शकते. त्यात आशय राहतो, पण पिएमोंतेचा शेतकरी एकदम सोलापूरच्या शिवारात येऊन उभा राहतो. ‘हिमाच्या पांघरुणात पीक, हिवाळी पावसात भीक’ हे रूप अधिक टिकाऊ ठरते. ‘पांघरूण’ या शब्दातून कारण कळते, ‘हिवाळी’ या विशेषणाने विसंगती मिटते आणि ‘पाने-फामे’ या नादाची भरपाई यमकाने होते. मात्र भूक घरात सोसता येते, भीक दुसऱ्याच्या दारी नेते. मुळात नसलेली ही मानहानी रूपांतरात शिरते. तिची नोंद अनुवादकाने ठेवली पाहिजे.

पावसाचाच दुसरा वाक्प्रचार वेगळा पेच निर्माण करतो. ‘प्योव्हे, गोव्हेर्नो लाद्रो’, म्हणजे ‘पाऊस पडतो, सरकार चोर!’ या वचनाला प्रसिद्धी मिळाली ती तोरिनोच्या ‘पास्क्विनो’ या व्यंगपत्रातील 1861 च्या एका व्यंगचित्रामुळे. माझ्झिनीच्या अनुयायांची निदर्शने पावसाने फसली, त्यावरचा तो टोमणा होता. त्याचा रोख सरकारवर नव्हता, तर आपल्या अपयशाचे खापर सरकारवर फोडणाऱ्यांवर होता. त्या संदर्भात ‘नाचता येईना, अंगण वाकडे’ ही म्हण चपखल बसते. पुढे मात्र हे वचन सामान्य माणसाच्या कुरकुरीचे झाले. तेव्हा ते बोलणाऱ्या पात्राच्या तोंडी ‘पाऊस पडला तरी सरकारच चोर’ असेच काही शोभेल. एकाच वचनाला येथे दोन रूपांतरे लागतात, आणि त्यांतील निवड शब्दकोशातून होत नाही.

पहिल्या म्हणीत अर्थ ऋतुचक्राने ठरतो, दुसऱ्या वचनात उच्चाराच्या काळाने. ‘समानार्थी म्हण’ शोधण्याआधी अनुवादकाने विचारायचे ते हे, की मूळ वचन कोणी, कोणत्या ऋतूत आणि कोणत्या साली उच्चारले.